कर्जतच्या पावसात घरचा डबा

माझी भाची शिकायला कर्जतला गेली, त्या वर्षीच्या जुलैत आम्ही बार्शीहून तिला पहिला डबा पाठवला. वीस मेथीचे थेपले, ओल्या नारळाचे रवा लाडू, बेसनाचे लाडू आणि मोठा डबा भरून पातळ पोह्यांचा चिवडा. यातलं काहीही आमच्या घरी आठवडाभर तरी सहज टिकतं आणि चिवडा तर दिवाळीनंतर तीन आठवडे कुरकुरीत राहतो, म्हणून कुणाच्या मनात शंकाही आली नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. चिवडा चामट झाला होता, रवा लाडवांवर पांढरं कापसासारखं काहीतरी दिसत होतं आणि थेपला तोडला की दोन तुकड्यांमध्ये बारीक चिकट तार सुटत होती. बेसनाचे लाडू तेवढे जसेच्या तसे होते.

डब्यात आमची चूक होतीच. पण मोठी चूक ही की आम्ही दिवस मोजत होतो बार्शीच्या हवेत आणि डबा उघडणार होता कर्जतच्या हवेत. कर्जत, खोपोली, रसायनी या पट्ट्यात वसतिगृहात राहणाऱ्या मुलांपैकी बरीच देशावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून आलेली असतात. त्यांच्या आयांच्या हातचा फराळ उत्तम असतो, फक्त तो कोरड्या हवेच्या सवयीने केलेला असतो.

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. समुद्राकडून आलेले ढग माथेरान आणि बोरघाटाच्या भिंतीला अडतात आणि इथेच रिकामे होतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताचं संशोधन केंद्र कर्जतला आहे ते उगाच नाही. जी हवा भाताला मानवते ती पोह्यांच्या चिवड्याला मानवत नाही. त्यात वसतिगृहाची खोली: तीन-चार जणांचे ओले कपडे आतच दोरीवर, खिडक्या बंद, बाहेरच्या भिंतीला ओल. डिसेंबरात याच खोलीत रात्री गार आणि कोरडी हवा असते आणि तोच डबा दुप्पट दिवस चालतो. म्हणून ‘लाडू किती दिवस टिकतो’ या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. कुठल्या महिन्यात, हे आधी विचारावं लागतं.

खोलीची हवा कशी आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. पुडीतलं साधं बारीक मीठ चिमूटभर कोरड्या ताटलीत पसरून रात्रभर टेबलावर ठेवायचं. सकाळी ते सुटं असेल तर हवा बरी. ओलसर होऊन ताटलीला चिकटलं असेल तर हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली आहे, कारण त्या सुमारास मीठ हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं. चिवड्यातलं मीठही तेच करतं. भाचीने जुलैत हा प्रयोग केला तेव्हा सकाळी ताटलीत मिठाचं पाणी होतं.

डब्यातला पदार्थ तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतो आणि त्या तीन वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. एक, तो सादळतो. म्हणजे हवेतलं पाणी शोषून मऊ पडतो. वास आणि चव चांगली असते, फक्त कुरकुरीतपणा गेलेला असतो. हे परत आणता येतं. दुसरं, तो खवट होतो. त्यातल्या तेलावर हवेचा, उजेडाचा आणि उष्णतेचा परिणाम होऊन जुन्या तेलाच्या बुधल्यासारखा वास येतो आणि घास घशाला धरतो. भाजून, उन्हात ठेवून हे जात नाही. तिसरं, त्याला बुरशी येते किंवा तो आंबतो, आणि यासाठी पदार्थात स्वतःचं पाणी असावं लागतं. पावसाळ्यात पहिल्याची आणि तिसऱ्याची भीती, एप्रिल-मेच्या काहिलीत दुसऱ्याची.

थेपल्यात हे पाणी सगळ्यात जास्त असतं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. तव्यावरून उतरलेल्या मऊ थेपल्याच्या वजनात साधारण पाव ते एक तृतीयांश पाणीच असतं. तेल, मीठ, हळद, तिखट यांनी थोडी मदत होते, पण ‘थेपले आठवडाभर टिकतात’ हे वाक्य कोरड्या, थंड हवेतलं आहे. कर्जतला माझा हिशोब असा: डिसेंबर-जानेवारीत चार दिवस, पाऊस किंवा कडक उन्हाळा असेल तर दोन, फार तर तीन. आणि हे दिवस तव्यापासून मोजायचे, डबा हातात पडल्यापासून नाही. कुरिअरने दोन-तीन दिवस लागणार असतील तर मऊ थेपले पाठवूच नयेत. कुणी माणूस स्वतः घेऊन जाणार असेल, तरच.

त्यांचं पाणी कमी करता येतं. ओली मेथी, दही, उकडलेला बटाटा, किसलेला दुधी हे घरच्या थेपल्यात छान, वसतिगृहाच्या नाही. दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, ओवा, तीळ, तिखट, हळद, मीठ आणि कसुरी मेथी घेऊन तीन-चार चमचे गरम तेलाचं मोहन पिठाला नीट चोळायचं आणि मग लागेल तेवढ्याच पाण्यात घट्ट भिजवायचं. ओलीच मेथी घालायची असेल तर धुतलेली पानं कापडावर पूर्ण सुकवून, चिरून, तेलात पाणी आटेपर्यंत परतून मगच पिठात. थेपले पातळ लाटून दोन्ही बाजूंनी तेल सोडून निवांत भाजायचे. मोठ्या आचेवर भराभर डाग पाडून उतरवलेला थेपला वरून भाजलेला दिसतो आणि आत ओला राहतो.

आमचे थेपले मात्र भाजण्यात नव्हे, भाजल्यानंतर बिघडले. रात्री अकराला शेवटचा थेपला उतरला, पहाटेची गाडी होती, म्हणून गरम चळत तशीच फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात घातली. आतली वाफ बाहेर जाऊ शकली नाही, तिचं पाणी होऊन मधल्या थेपल्यांत मुरलं आणि चळत पुढचे कित्येक तास कोमट राहिली. कणकेतले काही जिवाणू भाजण्यातूनही तग धरतात आणि त्यांना ओलसर कोमट जागा मिळाली की ते वाढतात. भाचीला दिसलेली ती चिकट तार त्यांचीच. त्याआधी वास येतो, जास्त पिकलेल्या फळासारखा, थोडा गोडसर. असा वास किंवा तार आली की सगळी चळत टाकायची. एका थेपल्यावर बुरशीचा ठिपका दिसला तरी तेच, कारण डोळ्यांना ठिपका दिसतो तेव्हा तिचे धागे शेजारच्या मऊ थेपल्यांत पोचलेले असू शकतात. ठिपका खुडून उरलेला खाणं बरोबर नाही.

म्हणून थेपले सुती कापडावर एकेक सुटे, पंख्याखाली, हाताला अजिबात ऊब लागणार नाही इतके गार होऊ द्यावेत. पाऊण तास तरी लागतो. मग चळत स्वच्छ कापडात किंवा कोऱ्या बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात नको, तेलाबरोबर शाई थेपल्याला लागते.

पावसाळ्यात मी आता थेपले नावापुरते पाठवते आणि त्याच पिठाचे खाकरे जास्त. खाकरा म्हणजे पाणी काढून टाकलेला थेपलाच. शक्य तितका पातळ लाटायचा, तव्यावर दोन्ही बाजू कच्च्या भाजून घ्यायच्या, मग मंद आचेवर घडी केलेल्या कापडाने दाबत, फिरवत कडक करायचा. मधोमध वाकवल्यावर दुमडला तर अजून पाणी आहे, कट्कन मोडला तर झाला. बंद पुडीत तो तीन आठवडे राहतो. पुडी उघडल्यावर जुलैच्या हवेत दोन-तीन दिवसांत सादळतो, पण बिघडत नाही.

लाडवांच्या बाबतीत नावावर जाऊ नका, तो कशाने वळला आहे ते पाहा. तुपाने आणि पिठीसाखरेने वळलेला लाडू एका बाजूला. पाकाने, दुधाने किंवा ओल्या नारळाने वळलेला दुसऱ्या बाजूला. बेसनाचा लाडू टिकतो कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं. बेसन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजताना त्यातलं पाणी जातं, आणि नंतर पिठाचा कण न् कण तुपात असतो. चार वाट्या जाडसर बेसनाला दीड वाटी तूप आणि दोन वाट्या पिठीसाखर हे माझं प्रमाण. साखर मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच मिसळायची. गरम असताना घातली तर मिश्रण पातळ होतं, लाडू वळत नाही, आणि मग हात दुधाच्या वाटीकडे जातो. तिथेच लाडवाचं आयुष्य पंधरा-वीस दिवसांवरून तीन-चार दिवसांवर येतं. लाडू वळत नसेल तर चमचाभर पातळ केलेलं तूप घाला किंवा मिश्रण अर्धा तास थांबू द्या.

भाजता भाजता दुधाचा हबका मारायची रीत अनेक घरांत आहे, त्याने बेसन रवाळ फुलतं. तो हबका चुलीवर असतानाच मारला आणि चुरचुर थांबल्यावर पुढे पाच-सात मिनिटं भाजलं तर पाणी उडून जातं. कर्जतला पाठवायच्या लाडवांत मी तोही मारत नाही. लाडू थोडा कमी रवाळ होतो, चालतं.

असा बेसन लाडू हिवाळ्यात महिनाभर आणि पावसाळ्यात पंधरा ते वीस दिवस छान राहतो. एप्रिल-मेत अडचण वेगळी असते. घाटाच्या पायथ्याशी वाराच नसतो, खोली तापते, तूप पाघळतं आणि लाडू डब्यात बसून त्यांचा एक गोळा होतो. बिघडलेलं काही नसतं, पण मुलं टाकून देतात. त्या दिवसांत त्याच मिश्रणाच्या वड्या थापून पाठवा.

रवा लाडू साखरेच्या पाकाचा आणि नारळाशिवाय असेल तर हिवाळ्यात आठ-दहा दिवस, पावसाळ्यात पाच-सहा. ओला नारळ घातला की कितीही परता, पावसाळ्यात तिसऱ्या दिवसावर भरवसा ठेवू नका. आमच्या लाडवांवर चौथ्या दिवशी आलेला तो कापूस म्हणजे बुरशीच. ओल्या नारळाचा लाडू आपण भेटायला जाऊ तेव्हा समोर बसवून खायला घालायचा, डब्यात ठेवायचा नाही. डिंकाचा लाडू थंडीत महिनाभर राहतो. पावसाळ्यात मात्र त्यातला गूळ हवेतलं पाणी साखरेपेक्षा लवकर ओढतो आणि लाडवाला घाम सुटतो. शिवाय त्यात सुकं खोबरं असतं. त्याची वाटी फोडल्यावर आत काळसर, हिरवट डाग दिसला तर ती टाकूनच द्यायची. किसून, भाजून डाग दिसेनासा होतो, पण काही बुरशींचं विष भाजण्याने नाहीसं होत नाही. बुरसटलेल्या, सुरकुतलेल्या, कडू शेंगदाण्यांनाही हाच नियम, लाडवात आणि चिवड्यातही.

चिवड्यात स्वतःचं पाणी नसतं, पण बाहेरचं पाणी ओढायला तो टपलेलाच असतो. पातळ पोहा कागदासारखा, सगळीकडून उघडा. त्यावर मीठ आणि पिठीसाखर, दोन्ही पाणी धरणारी. म्हणून पावसाळी चिवड्याची काळजी दोन टप्प्यांत घ्यावी लागते. करताना आतून एकही ओली वस्तू जाऊ द्यायची नाही आणि भरताना बाहेरची हवा रोखायची.

पोहे चाळून मंद आचेवर इतके भाजायचे की चिमटीत धरल्यावर चुरा झाला पाहिजे. फोडणीत आधी हिरवी मिरची आणि कढीपत्ता. मिरची तळून कडक व्हायला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि वरून काळी दिसणारी मिरची बियांपाशी ओली असते. मी एक काढून गार करून मोडून बघते. वाकली तर परत तेलात. आमच्या पहिल्या डब्यात मिरच्याच नडल्या असाव्यात, कारण भाचीने सांगितलं होतं की मिरच्यांभोवतीचे पोहे आधी मऊ पडले. तळलेला कांदा आणि लसूण यांचंही तेच. मनुका पावसाळ्यात घालूच नका, त्या मऊ असतात म्हणजेच त्यांच्यात पाणी असतं आणि बंद डब्यात ते हळूहळू पोह्यांत उतरतं. सुक्या खोबऱ्याचे काप सगळ्यांना आवडतात, पण चिवड्यात पहिले बिघडतात तेच. ओल लागली की त्यांना साबणासारखी चव येते. जुलै-ऑगस्टच्या चिवड्यात मी ते घालत नाही, डाळं वाढवते. तेल ताजं घ्या. पुऱ्या-भजी तळून उरलेल्या तेलात केलेला चिवडा फार लवकर खवट होतो.

आता भरण्याबद्दल. ज्या डब्याला आपण घट्ट म्हणतो, त्या स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं. त्यातून मोठा डबा एकच असेल तर तो दिवसातून दहा वेळा उघडतो, चार हात आत जातात, त्यातला एखादा ओला असतो. प्रत्येक वेळी आत नवी दमट हवा भरते. चिवडा तयार करून पूर्ण गार होताच, त्याच तासात, जाड प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांत भरावा, हवा दाबून काढावी आणि तोंड मेणबत्तीच्या आचेवर किंवा गरम सुरीने चिकटवून टाकावं. एका पिशवीत एका बैठकीत संपेल इतकाच, दीडशे ग्रॅमच्या आसपास. अशी न उघडलेली पिशवी पावसाळ्यातही तीन आठवडे चालते. उघडी पिशवी कर्जतच्या जुलैत दुसऱ्या संध्याकाळी चामट होते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या काही जण फराळात टाकतात. त्या खाण्यासाठी केलेल्या नसतात, फुटल्या तर कण चिवड्यात मिसळतात. टाकू नका.

खोलीत डबा बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा जमिनीवर नको. पत्र्याच्या कपाटात मधल्या फळीवर, ओल्या टॉवेलांपासून लांब. लाल मुंग्या लाडवाला शोधत येतातच, म्हणून लाडवांचा डबा पाणी घातलेल्या ताटलीत वाटी पालथी ठेवून तिच्यावर बसवायचा. डबा थेट पाण्यात नको, बुडाशी ओल धरते. सादळलेला चिवडा मेसमधल्या मावशींकडून जाड कढईत अगदी मंद आचेवर पाच मिनिटं परतून आणता येतो. त्याआधी वास घ्यायचा. वास स्वच्छ असेल तरच परतायचा, आणि पूर्ण गार झाल्यावरच बंद करायचा, नाहीतर त्याच वाफेने पुन्हा मऊ.

पुढच्या ऑगस्टातला डबा आम्ही असा केला. माझा भाऊ स्वतः जाणार होता, पुण्यापर्यंत एसटी आणि तिथून रेल्वेने घाट उतरून कर्जत. शनिवारी रात्री लवकर बसून बाराच थेपले केले, रात्रभर कापडावर पसरून ठेवले आणि रविवारी पहाटे गार चळत कापडात बांधली. रविवारी संध्याकाळी डबा खोलीवर पोचला. थेपल्यांच्या पुडीवर कागद चिकटवून लिहिलं होतं: ‘सोमवार रात्रीपर्यंत संपवणे.’ खोलीत चौघी होत्या, बारा थेपले सोमवारी दुपारीच संपले. खाकरे पंधरा, पाच-पाचच्या तीन पुड्यांत. बेसनाचे लाडू चोवीस, आठ-आठ करून तीन लहान डब्यांत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून. चिवडा पाऊण किलो, पाच पिशव्यांत. प्रत्येकीवर तारीख. रवा लाडू नाहीत, नारळ नाही, मनुका नाहीत.

खाकऱ्यांची शेवटची पुडी तिने सोळाव्या दिवशी फोडली, मोडताना आवाज आला असं तिने मुद्दाम कळवलं. लाडवांचा तिसरा डबा एकोणिसाव्या दिवशी संपला, वास-चव ठीक. चिवड्याच्या चार पिशव्या कुरकुरीत निघाल्या. पाचवीची कड नीट चिकटली नव्हती. ती सादळली होती, पण वास स्वच्छ होता, म्हणून तिने ती मेसमध्ये परतून आणली आणि त्याच संध्याकाळी चौघींनी खाल्ली. त्या पिशवीच्या कडेचा फोटो तिने मला पाठवला. दोन बोटं रुंदीचा भाग चिकटायचा राहिला होता, तिथे पिठीसाखरेचे कण अडकलेले दिसत होते. तेव्हापासून पिशवी बंद करायच्या आधी मी तिची कड कोरड्या फडक्याने पुसून घेते.